पडदा बंद, पेटी चालू

आमच्या घरातला टीव्ही क्रिकेटसाठी आला होता. नवऱ्याने तो चाकणहून गाडीच्या मागच्या सीटवर, दोन्ही बाजूंना उशा लावून आणला. लग्नानंतर मला पहिल्यांदा घरी आणतानासुद्धा त्याने इतकी हळू गाडी चालवली नव्हती. नारायणगावापासूनचा प्रत्येक खड्डा त्याने मला नंतर तोंडपाठ सांगितला. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढ्या मोठ्या पडद्यावर बघण्यासारखं आपल्या घरात कुणाला काय आहे? सासऱ्यांना बातम्या पुरतात, सासूबाईंना तेही नको. मला तर शाळेतून येऊन भाकऱ्या थापेपर्यंत डोळे मिटायला लागतात. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्यातून दीड दिवस घरी असतो, म्हणजे दीड दिवसाच्या क्रिकेटसाठी भिंतीत चार भोकं पाडली.

मग सासऱ्यांना झटका आला आणि त्या टीव्हीला दुसरंच काम लागलं.

सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडची रीतच ती. झटक्याने आबांचा उजवा हात आणि पाय गेला. त्यातला पाय हळूहळू परत येऊ लागला. बोलणं मात्र आलं नाही. आपण काय म्हणतोय ते त्यांना सगळं कळायचं, उत्तर द्यायला तोंडही उघडायचं, पण बाहेर पडायचा एकच शब्द, 'बरं'. पाणी हवं, बरं. पाठ दुखतेय, बरं. कांद्याचा भाव विचारायचाय, तरी बरं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणालाही चटकन बरं म्हटलं नाही, त्याच्या वाट्याला नेमका तोच शब्द उरावा, याचं मला हसूही यायचं आणि मोरीत जाऊन रडूही यायचं.

आत्या रडायच्या नाहीत. त्या फक्त स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळाने विचारायच्या, "हाक मारली का काय?" आबा त्यांना नावाने कधीच हाक मारत नसत. 'अगं ए' एवढंच. पण ते 'अगं ए' पार विहिरीपर्यंत ऐकू जाई. आता ते येत नव्हतं आणि आत्यांचे कान तिकडेच लागलेले असत.

नारायणगावच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला एक आशा दाखवली. त्या म्हणाल्या, बोलणं गेलेल्या काही माणसांचं गाणं शाबूत राहतं, कारण मेंदूत गाण्याचा रस्ता थोडा वेगळा असतो. सगळ्यांचं राहतंच असं नाही. पण हे भजनात म्हणायचे ना? मग ओळखीची भजनं लावा, अक्षरं डोळ्यांसमोर ठेवा, सोबत म्हणायला सांगा. सुरुवातीचे महिने वाया घालवू नका.

त्या शनिवारी नवरा आला तो टीव्हीच्या मागेच लागला. फोनवर गाणी लावून आम्ही पाहिली होती, पण फोनचा आवाज पातळ आणि अक्षरं मुंगीएवढी. टीव्ही भिंतीवरून काढून आबांच्या खाटेच्या पायथ्याशी, त्यांच्या नजरेच्या उंचीला ठेवला. गाण्याच्या ॲपमध्ये शब्द दाखवायची सोय होती. शहरातल्या कुणा गायकाचं भजन लागलं आणि पडद्यावर शब्द आले तेही इंग्रजी अक्षरांत. आबांनी ते पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." त्या बरंचा अर्थ मात्र घरात सगळ्यांना कळला.

दुसरी अडचण विजेची होती. आमचं गाव ओतूरच्या जरासं अलीकडे. वीज जाते ती न सांगता आणि येते ती तिच्या मर्जीने. घरात एक इन्व्हर्टर आहे, बॅटरी म्हातारी. आबांना अंथरुणाच्या जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती. तिला एक छोटा पंप असतो, तो सारखा गुरगुरत गादीत हवा भरत राहतो. इन्व्हर्टर दमला की पंप बंद आणि पंप बंद की गादी हळूहळू खाली बसते. पंप खातो थोडंसंच, टीव्ही खातो भरपूर. त्यामुळे वीज गेली की मी पहिली टीव्हीवर धावायची. गाणं अर्ध्यात तुटायचं आणि आबा माझ्याकडे असे बघायचे की जणू त्यांच्या ताटातली भाकरीच मी उचलली.

नवऱ्याने कंपनीतून एक छोटं मीटर आणलं. ते सॉकेटमध्ये खोचून त्यात टीव्हीची पिन लावायची, की टीव्ही किती वॅट ओढतोय ते आकड्यात दिसतं. त्याची कल्पना होती की पडद्यावर चित्राऐवजी नुसता काळा रंग ठेवला की वीज वाचेल. काळा रंग लावला तर आकडा जेमतेम हलला. टीव्हीच्या पाठीला हात लावला तर ती तशीच गरम. मग त्यालाच उलगडलं, आपला टीव्ही एलईडीचा. काळं दिसत असलं तरी काचेच्या मागचा उजेड चालूच असतो, काच तो फक्त अडवून धरते. मी म्हटलं, "म्हणजे दार लावून घ्यायचं आणि आत दिवा जाळत ठेवायचा." तो म्हणाला, "तसंच." नवरा इतक्या लवकर माझं ऐकतो असं सहसा होत नाही.

तेव्हा त्याने सेटिंगमध्ये शिरून मागचा उजेड, बॅकलाइट, पार खाली आणला. आकडा निम्म्यावर आला. संध्याकाळी दारं लावलेल्या खोलीत तेवढा उजेड वाचायला पुरत होता, आबांच्या डोळ्यांनाही तोच बरा वाटला. आणि त्याच यादीत त्याला 'पिक्चर ऑफ' सापडलं. ते दाबलं की पडदा पूर्ण विझतो, मागचा उजेडही जातो, पण आवाज चालू राहतो. मीटरचा आकडा आणखी निम्म्याने उतरला. नवरा मॅच जिंकल्यासारखा ओरडला. मी विचारलं, हे आधीपासून यात होतं? होतं म्हणे. वर्षभर आम्ही झोपताना त्यावर गाणी लावून, डोळ्यांवर पदर घेऊन पडत होतो.

रिमोटवरच्या एका बटणाला हवं ते काम नेमून देता येत होतं. तिथे त्याने पडदा बंद करण्याचं काम नेमलं. आत्यांनी आपल्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. आवाजाचं बटण सोडून दुसरं कुठलंही दाबलं की पडदा परत जागा व्हायचा, म्हणून त्यांनी मला बजावलं, "टिकलीवर बोट ठेव. बाकी कशाला हात लावू नको."

एवढं सगळं झालं, पण आबा गायले नाहीत.

शहरातल्या भजनावर ते गाणार नाहीत हे कळल्यावर नवऱ्याने गावच्या मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग शोधलं. आमच्या गावात एक गवळण आहे, गावातल्याच एका मास्तरांनी कधीकाळी रचलेली. बाहेर कुणाला ठाऊक नाही. मंडळाचे बुवा ती म्हणायचे आणि मागे चौघे झील धरायचे. बुवांनी ध्रुवपदाची ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती झेलून परत म्हणायची, बुवांचा अंतरा संपला की पुन्हा तीच, ती झील. आबा त्या चौघांतले पहिले. बुवा दोन पावसाळ्यांपूर्वी गेले, मंडळ तेव्हापासून थंडच आहे.

रेकॉर्डिंगवर काळ्या पडद्याचा व्हिडिओ बांधला आणि शब्दांची वेगळी फाईल केली. कुठली ओळ कुठल्या क्षणाला यायची आणि कधी जायची ते नवऱ्याने त्यात वेळेसकट लिहिलं. दोन्ही फाईलींना नाव एकच द्यायचं, नाहीतर टीव्ही शब्दांना ओळखत नाही. पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर नुसते चौकोन. मग फाईल युनिकोडमध्ये परत साठवली तेव्हा मराठी उमटलं, मोठं, पिवळं, काळ्या पाटीवर लिहिल्यासारखं.

बुवांचा आवाज खोलीत आला. आबांचे डोळे ओळीवर गेले. ते वाचत होते, हे दिसत होतं. मी आणि नवरा दोघं दोन्ही बाजूंनी, "म्हणा ना आबा, बुवांबरोबर म्हणा, हे बघा ओळ आली," असं बालवाडीतल्यासारखं चालू केलं. ओठ हलले नाहीत. मग झील आली आणि त्या चार आवाजांत आबांचा आवाज, धडधाकट, खणखणीत, खोलीभर पसरला. आबांनी डावा हात उचलून डोळ्यांवर ठेवला.

"बंद कर गं ते," आत्या म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. नवरा म्हणाला, "काय उपयोग न्हाई. वाचतात, पण म्हणत नाहीत."

आत्यांनी हातातला घास तसाच ठेवला. "अरे, बुवांच्या आवाजावर आवाज चढवायचा? जन्मात नाय केलं त्यांनी. बुवांची ओळ पुरी झाल्याबिगर त्यांचं तोंड उघडायचं न्हाई. आन् पुरी झाली, तर तिथं त्येच म्हणत व्हते आधीच. मग आता कुठं म्हणायचं त्यांनी?"

खरंच की. आम्ही त्या माणसाला त्याच्याच जागेवर बसायला सांगत होतो आणि जागा भरलेली होती.

म्हणजे हवं होतं ते एवढंच. कुणीतरी समोर बसून बुवांची ओळ म्हणायची आणि झिलेची जागा मोकळी सोडायची. पण कोण म्हणणार? मी आणि नवरा दोघंही बेसूर. मंडळाचे पेटीवाले काका आले, त्यांनी खाटेशेजारी बसून गवळणीची पेटी वाजवून दिली. झिलेच्या ठिकाणी ध्रुवपदाची चाल परत वाजवून जागा ठेवली, नवऱ्याने ती फोनवर घेतली. काकांचा स्वतःचा आवाज तंबाखूने कधीच नेलाय. ते जाताना आत्यांना म्हणाले, "वहिनी, तुमीच म्हणा की. घरात इतकी वर्सं ऐकलीय."

"मला कुठं येती?" आत्या एकदम लाजल्या. "मला फकस्त झीलच येती."

ते खरं होतं. आबा घरी सराव करायचे तो स्वतःच्या भागाचा. स्वयंपाकघरात जन्मभर आत्यांच्या कानावर पडलं ते ध्रुवपद, परत तेच, परत तेच. मधले अंतरे बुवांचे, देवळातले, पुरुषांत म्हटलेले. आत्यांना ती गवळण अर्धीच माहीत होती.

तेव्हा टीव्हीवरचे शब्द आबांसाठी नाही, आत्यांसाठी लागले. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली. पोथी वाचतात, पण बोट ठेवून, सावकाश. इथे ओळी पेटीच्या वेगाने यायच्या. नवऱ्याने प्रत्येक ओळ पेटीच्या थोडी आधी यावी असं केलं, म्हणजे डोळ्यांना सवड मिळते. आणि झिलेच्या जागी पडदा कोरा ठेवला. माझी सूचना, असं मी अजून सगळ्यांना सांगते.

संध्याकाळी शेळ्या आत घेतल्या, दार लावलं, की आमचा कार्यक्रम सुरू. हल्ली ऊस उभा असला की दिवेलागणीनंतर बिबट्याच्या भीतीने ओसरीवर कुणी बसत नाही, त्यामुळे वेळच वेळ होता. आत्या चष्मा लावून टीव्हीपुढे बसायच्या, आबांकडे पाठ करून. तोंड त्यांच्याकडे करून म्हणायला सांगितलं तर म्हणाल्या, "इश्श." पासष्टीच्या बाईने इतकं लाजावं हे मला फार गोड वाटलं. आवाज बारीक, थोडा कापरा, पण सुरात.

*हळू चाल सावळ्या, माझी घागर भरली.*

मग पडदा कोरा. पेटी वाजतेय. आबांच्या डाव्या हाताची बोटं खाटेच्या दांड्यावर ताल धरायची, अगदी जागच्या जागी. पण आवाज नाही. पेटी पुढे सरकायची, आत्या पुढची ओळ घ्यायच्या. एका संध्याकाळी घशातून नुसता हुंकार आला. दुसऱ्या संध्याकाळी तोही नाही. आत्या रोज म्हणायच्या, "असू दे. उद्या."

त्या दिवशी दुपारीच वीज गेली होती. कुठेतरी डीपी जळाला होता, वायरमन येतो येतो म्हणत होता. संध्याकाळ झाली. मी म्हटलं, आज राहू द्या, बॅटरी गादीला लागेल. आबांनी डावा हात पुढे करून रिमोटकडे दाखवलं. "बरं," ते म्हणाले आणि परत, "बरं." मग मी तरी काय करणार? घरातले दिवे बंद केले, पंखा बंद केला आणि पेनड्राइव्ह लावला. अंधारात पिवळी अक्षरं आणि त्या उजेडात आत्यांचा चष्मा, एवढंच दिसत होतं.

*हळू चाल सावळ्या, माझी घागर भरली.*

झिलेच्या जागेला आबांची बोटं वाजली. आत्यांनी अंतरा घेतला.

*मांडवीच्या पाण्यावर आज चांदणं आलं...*

आणि कोपऱ्यातला इन्व्हर्टर ओरडायला लागला. बॅटरी संपत आल्याची ती शिट्टी मला झोपेतही ओळखू येते. मी गादीला हात लावला. पंप गुरगुरत होता, अजून तरी. टीव्ही बंदच करायला हवा होता. पण आबांची बोटं दांड्यावर चालली होती आणि त्यांचं गाणं अर्ध्यात तोडायला माझा हात होईना. मी टिकलीवर बोट दाबलं.

पडदा विझला. पेटी चालू राहिली. ओझं कमी झालं तसा इन्व्हर्टर क्षणभर ओरडून गप्प झाला.

खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पेटी पुढच्या ओळीवर आली आणि आत्या थांबल्या. "पुढं..." त्या हळूच म्हणाल्या, "पुढं काय हाय गं?" मला कुठे ठाऊक? टाइप केलं होतं नवऱ्याने आणि तो चाकणला. पडदा परत जागा करावा तर बॅटरी जाणार, म्हणून नवऱ्याला विचारायला मी फोन चाचपायला लागले, तो हाताला लागेना. पेटी बिचारी एकटीच वाजत होती.

आणि खाटेवरून आवाज आला.

*काठावरचं गवत सारं चिंब झालं.*

खरखरीत आवाज होता, कितीतरी महिने न उघडलेल्या दारासारखा. 'चिंब' तर नीट उमटलाच नाही, ओठांच्या एका कोपऱ्यातून निसटला. पण ओळ पुरी होती. झील नव्हती ती. बुवांची ओळ होती, पुढची, त्या संध्याकाळी अजून कुणीच न म्हटलेली. जन्मभर बुवांच्या मागे उभं राहून आबांनी ती ऐकली होती आणि कधीच तोंडातून काढली नव्हती.

माझ्या हातात फोन लागला होता, पण मी उजेड केला नाही. मला भीती वाटली, उजेड केला तर हे थांबेल. मी तोंडावर हात दाबून रडत होते, अगदी उघड सांगते.

पेटी झिलेच्या जागेवर आली. कोरी जागा. कुणी काही म्हणेना. आबांनी डाव्या हाताने खाटेच्या दांड्यावर जोरात थाप मारली, एकदा, मग परत एकदा. हा त्यांचा जुना राग. मंडळात कुणी मागे पडलं की ते असेच टाळ आपटायचे.

आत्यांना ते माझ्याआधी कळलं. बांगड्या वाजल्या, त्या वळून बसल्या असाव्यात, टीव्हीकडे पाठ आणि तोंड आबांकडे. आणि त्यांनी झील धरली. ती तर त्यांना लग्न झाल्यापासून येत होती.

*हळू चाल सावळ्या, माझी घागर भरली.*

"बरं," आबा म्हणाले.